एंड करेक्शन शून्य

त्यागी सरांनी उल्काची उत्तरपत्रिका माझ्यापुढे हळूच सरकवली आणि एका आकड्यावर पेन ठेवलं. आरडाओरडा करणारे एक्झामिनर मी ढिगानं पाहिलेत, त्यांना मी पुरून उरते. असा नुसतं पेन टेकवून थांबणारा माणूस मात्र मला घाबरवतो.

बारावीची फिजिक्सची प्रॅक्टिकल चालू होती. शाळा आमची दिल्लीतली, सरोजिनी नगरजवळची, मराठी मंडळींनी काढलेली. मुली निम्म्या मराठी, निम्म्या सगळ्या हिंदुस्थानातल्या. सरकारी क्वार्टर्समधून येणाऱ्या. मी तिथली फिजिक्सची टीचर, चंद्रप्रभा. मुली पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि ते अगदीच खोटं नाही. माझा पारा लवकर चढतो. बोर्डानं बाहेरून पाठवलेले परीक्षक म्हणजे हे त्यागी सर, फरीदाबादच्या कुठल्याशा कॉलेजातले, मफलर गुंडाळलेले, मवाळ.

"मॅडम, ये देखिए," ते म्हणाले. "रिझल्ट एकदम परफेक्ट है. तीन सौ बयालीस मीटर पर सेकंड. अठारह डिग्री पे बिल्कुल यही आना चाहिए."

"मग?" मी मराठीतच म्हणाले. घाबरले की माझं हिंदी पळून जातं.

"एंड करेक्शन देखिए."

उल्कानं तिथे लिहिलं होतं, शून्य. वर नळीची पहिली लांबी सोळा पूर्णांक सात सेंटिमीटर, दुसरी पन्नास पूर्णांक एक. मी मनात गुणाकार केला. सोळा पूर्णांक सात गुणिले तीन. बरोबर पन्नास पूर्णांक एक. कपाळ माझं!

तुम्ही हे कधीतरी शिकला असाल आणि सुखानं विसरला असाल, म्हणून सांगते. उंच नळी, तिच्यात पाणी, पाणी खालीवर करायला रबरी नळीनं जोडलेला एक डबा. वाजवलेला ट्यूनिंग फोर्क, तो स्टीलचा दोन पात्यांचा काटा, नळीच्या तोंडाशी धरायचा आणि पाणी हळूहळू खाली न्यायचं. पाण्याच्या वरची हवा एका ठराविक लांबीला आली की फोर्कचा कुजबुजता आवाज एकदम घुमून उठतो. तो पहिला रेझोनन्स, लहरीच्या पाव लांबीचा. आणखी खाली गेलं की दुसऱ्यांदा घुमतो, तो पाऊण लांबीचा. दोन लांबींची वजाबाकी म्हणजे अर्धी लहर. तिची दुप्पट करून फोर्कच्या फ्रिक्वेन्सीनं गुणलं की हवेतल्या आवाजाचा वेग हातात.

आता पाव आणि पाऊण, म्हणजे दुसरी लांबी पहिलीच्या तिप्पट हवी, असं कुणालाही वाटेल. पण ती कधीच तशी येत नाही. नळीच्या तोंडाशी हवा काठाशी शहाण्यासारखी थांबत नाही, थोडी बाहेर डोकावून हलते. किती बाहेर? व्यासाच्या साधारण तीन दशांश. आमच्या नळीचा व्यास चार सेंटिमीटर, म्हणजे सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. तेवढी प्रत्येक मोजलेली लांबी कमी भरते, आणि ह्या भरपाईलाच एंड करेक्शन म्हणतात. म्हणून खऱ्या मोजणीत दुसरी लांबी तिपटीहून दोनअडीच सेंटिमीटर जास्तच येते. वजाबाकीत ही चूक उडून जाते, म्हणून तर दोन लांब्या घ्यायच्या. बरोबर तिप्पट फक्त कागदावर येते, न मोजता नुसतं गणित करून भरलेल्या कागदावर.

उल्कानं नळी मोजलीच नव्हती. वेग ठाऊक, फोर्कवर फ्रिक्वेन्सी कोरलेली, पाचशे बारा. उलटं गणित करून पाव आणि पाऊण काढलं आणि मांडून टाकलं. एंड करेक्शनचा रकाना आला तेव्हा इमानदारीत सूत्रात घातलं आणि शून्य आलं म्हणून शून्य लिहिलं!

रीडिंग शिजवणाऱ्या पोरी मी दरवर्षी बघते. पण उल्का? वर्गातली सगळ्यात हुशार पोर. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

त्यागी सर म्हणाले, "अनफेअर मीन्स का केस बनता है, मॅडम. मैं नहीं चाहता. उसको बोलिए, मेरे सामने दोबारा कर दे. चिट तो उसने खुद उठाई है."

चिठ्ठी म्हणजे आमची पद्धत. टेबलावर घडी घातलेल्या चिठ्ठ्या, जी उचलाल तो प्रयोग तुमचा. बदलून मागितला तर मार्क कापतात. सकाळी चिठ्ठी उघडल्यावर उल्काचा चेहरा पांढराफटक पडला होता, तो मी पाहिला होता. मला वाटलं, घाबरली असेल, सगळ्याच घाबरतात.

केस म्हणजे काय, ते मला माहीत होतं. रिझल्ट रद्द, वर्ष गेलं. आणि उल्काच्या घरी दुसरं वर्ष मिळणार नव्हतं. तिचे वडील जयंतराव मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर, माणूस वाईट नाही, पण हिशेबी. त्यांनी मला पेरेंट्स मीटिंगमध्ये स्वच्छ सांगितलं होतं, "फर्स्ट क्लास आला तर बीएस्सीला घालीन. एकदा जरी गाडी घसरली, तर टायपिंग शिकेल आणि घरी बसेल." उल्का तेव्हा शेजारी उभी होती. तिला बीएस्सीच करायचं होतं, फिजिक्समध्येच. तिच्या डोळ्यांत दुसरं काही नसायचंच.

तिला बोलावलं. नळीपाशी उभं केलं. बाकीच्या मुली आपापल्या टेबलावर खुडबुडत होत्या, कुणी सोनोमीटर टुणटुणत होती, बाहेर बसचा गिअर कोकलत होता. उल्कानं फोर्क रबरी पॅडवर मारला, नळीच्या तोंडावर धरला आणि डाव्या हातानं डबा खाली घ्यायला लागली.

बारा सेंटिमीटर. चौदा. साडेपंधराच्या आसपास नळी अशी घुमली की दारापाशी उभी असलेली मी दचकले. त्यागी सरांनी मान डोलावली. मी मनात म्हटलं, थांब, आता थांब! पण उल्का थांबली नाही. तिचा हात तसाच खाली सरकत राहिला. आवाज विरून गेला. मग तिनं एक विचित्र गोष्ट केली. आम्हाला पाठ करून फोर्कचा दांडा झटकन कानामागच्या हाडावर टेकवला, क्षणभर डोळे मिटले, आणि फोर्क पुन्हा नळीवर नेला.

सोळा पूर्णांक सातवर येऊन ती थांबली. नळी तिथे काहीच म्हणत नव्हती. उल्का वळून म्हणाली, "इथे, सर. यहाँ."

त्यागी सर खिडकीकडे वळले. चिडले असावेत, आणि मवाळ माणसाला चिडल्यावर कुठे बघावं कळत नाही. खिडकीकडे तोंड करूनच त्यांनी विचारलं, "अच्छा, अगर ये ट्यूब दोनों तरफ़ से खुली होती, तो पहला रेझोनन्स किस लंबाई पर आता?"

उल्का गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. उल्का त्यांच्या पाठीकडे बघत उभी. चेहऱ्यावर काही नाही, प्रश्न आलाय याची खूणसुद्धा नाही.

आणि माझ्या एकदम लक्षात आलं. अगं बाई! कानामागचं हाड, फोर्कचा दांडा. माझ्या सासऱ्यांना कानाच्या डॉक्टरकडे मी घेऊन जात असे. तो डॉक्टर हेच करायचा, ह्याच पाचशे बाराच्या फोर्कनं. आधी कानापाशी, मग कानामागे हाडावर. हवेतून ऐकू येत नाही आणि हाडातून येतं, म्हणजे नस ठीक आहे, कानाच्या आतलं काहीतरी अडलंय. उल्का फोर्क वाजतोय की नाही ते हाडानं तपासत होती. नळीचं घुमणं तिला ऐकूच येत नव्हतं.

"सर, एक मिनिट," मी म्हणाले आणि पोरीचं मनगट धरून तिला मागच्या स्टोअररूममध्ये नेलं. दार लावलं. तिच्यापुढे उभी राहून, तोंड नीट तिच्याकडे करून विचारलं, "तुला ऐकू येत नाही?"

तिनं आधी मान हलवली, नाही नाही, येतं की. मी म्हटलं, "उल्का, मला मूर्ख समजू नकोस." तेव्हा ती एकदम खाली स्टुलावर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. मी ते हात खाली ओढले. झाकलेल्या तोंडाशी मला बोलता येईना, आणि तिलाही माझं तोंड दिसल्याशिवाय चालणार नव्हतं.

दोन वर्षं झाली होती. हळूहळू कमी होत गेलेलं. समोरचा बोलताना ओठ दिसले की तिला सगळं कळायचं, म्हणून ती पहिल्या बाकावर. लॅबमध्ये आमच्याकडे जोड्या असतात. ही रेझोनन्स करताना पाणी हलवायची, मोजायची, गणितं करायची. जोडीदारीण फोर्क धरून "आला, आला" म्हणायची. वर्षभर कुणाला संशय आला नाही. मलाही नाही. हे लिहितानासुद्धा स्वतःचा राग येतो, पण तो आत्ता बाजूला ठेवते.

"अगं, मग सांगितलं का नाहीस? सकाळी चिठ्ठी बघताक्षणी सांगायचं! दुसरा प्रयोग दिला असता, मी भांडले असते!"

"आईनं शपथ घातलीय," ती म्हणाली. "ताईचं लग्न होईपर्यंत."

लतिका तिची मोठी बहीण. एप्रिलमध्ये तिचं लग्न ठरलेलं, मयूर विहारमधल्या एका घरी. मुलगा बँकेत. मुलाची सख्खी मावशी आमच्याच शाळेत संस्कृत शिकवते, वीणाताई. मी कपाळावर हात मारून घेतला. दिल्लीतली मराठी माणसं म्हणजे एकाच्या घरी फोडणी पडली की दुसऱ्याला ठसका लागतो.

"डॉक्टर म्हणाले होते, हे घराण्यात असतं," उल्का म्हणाली. "बायकांना जास्त. ताईला अजून काही नाही. पण त्या लोकांना कळलं तर..."

"ऑपरेशन होतं का?"

"होतं म्हणाले. पुढे. लग्नानंतर बघू म्हणते आई."

मी बाहेर आले ती तडक त्यागी सरांकडे. लंचसाठी मुली बाहेर पडत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, लग्नाचं सोडून. रीडिंग खोटी का होती, फोर्क कानामागे का नेला, पाठ फिरवल्यावर ती गप्प का राहिली. ते ऐकत राहिले आणि मफलर सोडून हातात घेऊन बसले. माणूस भला होता हो, त्याबद्दल शंका नको.

"मैंने उसको बेईमान समझा," ते म्हणाले. मग मफलरची घडी घातली, पुन्हा सोडली. शेवटी म्हणाले, "देखिए मॅडम. मैं लंच के बाद एक्सपेरिमेंट दोबारा ले लूँगा, जो मदद चाहिए, दीजिए. लेकिन स्कूल के रेकॉर्ड में कुछ नहीं है. गार्डियन से एक लाइन चाहिए कि लड़की को कम सुनाई देता है. बस एक लाइन. नहीं तो कल कोई पूछेगा कि नकल पकड़ी और छोड़ क्यों दी."

बरोबरच होतं. जयंतराव टूरवर शिलाँगला. मी ऑफिसातून त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला, सरलाताईंना म्हणजे उल्काच्या आईला बोलावून घेतलं आणि "ताबडतोब शाळेत या, उल्काच्या परीक्षेचं आहे" एवढंच सांगितलं. क्वार्टर्सपासून रिक्षानं किती वेळ लागतो? त्या येईपर्यंत माझ्या हाताला काम हवं होतं, नाहीतर मी कुणाचं तरी डोकं फोडलं असतं.

लॅब रिकामी झाली होती. मी दारंखिडक्या लावल्या.

"कान नळीला लावू?" उल्कानं विचारलं.

"अजिबात नाही. तोंडावर डोकं आणलंस की उघडं टोक उघडं राहतं का? लांबीच बदलेल." मी बर्नरची एक जुनी रबरी नळी शोधली, धुतली, कापली. एक टोक तिच्या कानात. दुसरं टोक नळीच्या तोंडाच्या बाजूला, काठाला न लागता, क्लॅम्पमध्ये अडकवलं. "आता. सावकाश."

तिनं फोर्क मारला. पाणी खाली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, नळीकडे नाही. चौदा. पंधरा. आणि तिचे डोळे मोठे झाले. अक्षरशः मोठे झाले. हात थांबला, मग किंचित वर, किंचित खाली, पुन्हा वर. कुणी सांगायला नको, ती स्वतः शोधत होती. थांबली तिथे पंधरा पूर्णांक पाच.

"मॅडम, हे केवढं मोठं असतं!" ती म्हणाली. "मला वाटायचं, सगळ्याजणी उगीच ओरडतात, आला आला म्हणून."

मी नुसतं बोट दाखवलं, पुढे जा. दुसरा सापडायला तिला वेळ लागला, तो पहिल्याएवढा दणदणीत नसतो. फोर्क चारपाचदा वाजवावा लागला. अठ्ठेचाळीस पूर्णांक नऊ. तिनं माझ्याआधी हिशेब केला. वजाबाकी तेहतीस पूर्णांक चार, वेग तोच तीनशे बेचाळीस. आणि एंड करेक्शन? पहिलीची तिप्पट साडेशेहेचाळीस, वरचे दोन पूर्णांक चार, त्याचं अर्धं एक पूर्णांक दोन.

"एक पूर्णांक दोन!" ती हसली. "चारचे तीन दशांश. बरोब्बर!" मग मला सरांचा प्रश्न आठवला. मी तिला तो तोंडासमोर उभी राहून पुन्हा विचारला. नळी दोन्ही बाजूंनी उघडी असती तर? "अर्धी लहर, मॅडम. दोन्ही तोंडांशी हवा मोकळी. साधारण दुप्पट लांबी लागेल, आणि करेक्शन दोन टोकांचं. बंद नळीत पाव, पाऊण, सव्वा असं येतं, उघडीत अर्धी, एक, दीड."

झालं होतं. सगळं झालं होतं! आता फक्त एक ओळ हवी होती. मी मनातल्या मनात तिला बीएस्सीच्या वर्गात बसवूनसुद्धा आले.

सरलाताई आल्या त्या धापा टाकत. बारीक बाई, अंगावर शाल, पायात घरातल्या चपला. मी त्यांना व्हरांड्यात एका बाजूला घेतलं आणि भराभरा सांगितलं. चिठ्ठी, शून्य, केस, सरांचा भलेपणा, रबरी नळी, साडेपंधरा. "एक ओळ लिहून द्या. मुलीला कमी ऐकू येतं. बस. अर्ध्या तासात पोर पास."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वीणाताई आज आल्यात शाळेत?"

"आल्या असतील. त्यांचा काय संबंध?"

"तो कागद ऑफिसात राहणार ना?"

"सरलाताई!"

"ओरडू नका हो. माझी पण मुलगी आहे." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "लतिकाचं हे तिसरं स्थळ. एक मोडलं, एकांनी पत्रिकेचं निमित्त केलं. आता लग्नाच्या पत्रिका छापून आल्यात. डॉक्टरांनी सांगितलंय, आजार घराण्यातला आहे. ह्यांच्या आईला होता. ते लोक काय विचारतील? धाकटीला झाला, थोरलीला कधी होणार, म्हणून विचारतील. काय उत्तर देऊ मी?"

"आणि हिचं वर्ष? जयंतराव पुढे शिकवणार नाहीत. तुम्हाला माहीत आहे. घरी बसवतील हिला!"

"बसेल," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "घरी बसेल. पण लग्न मोडलं तर दोघी बसतील."

"अहो, पण चोर म्हणतील तिला! नकल केली म्हणून शिक्का बसेल!"

"चोरी एकटीची असते, चंद्रप्रभाताई. कान दोघींचे असतात."

मी त्यांना हलवलं, रागावले, हात जोडले. म्हटलं, मी वीणाताईंना भेटते, मी त्या मुलाच्या घरी जाते, पाया पडते त्यांच्या. त्या नाही नाही म्हणून मान हलवत राहिल्या. मग पदरानं डोळे पुसून माझ्या आधी लॅबमध्ये शिरल्या.

त्यागी सर उठून उभे राहिले. उल्का नळीपाशी उभी होती, तयारीत. कोरी उत्तरपत्रिका टेबलावर, फोर्क हातात, रबरी नळी जागच्या जागी. आईला बघून तिचा चेहरा असा खुलला की मला बघवेना.

"बहनजी, आइए," सर म्हणाले. "घबराने की कोई बात नहीं. बस इतना बता दीजिए, क्या बच्ची को सुनने में कुछ तकलीफ़ है?"

सरलाताई उल्काकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पदर तोंडाशी धरला. "नहीं साहब," त्या म्हणाल्या. "ऐसा कुछ नहीं है. कान बिल्कुल ठीक हैं. इसने नकल की है. हमने घर पे भी समझाया था."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करू? ओरडू? तपासा म्हणू, डॉक्टर बोलवा म्हणू? म्हटलं, तेही म्हटलं. "सर, ह्या खोटं बोलतायत! मुलीला विचारा!" सर म्हणाले, लड़की माइनर है मॅडम, माँ कह रही है, मैं क्या लिखूँ. खुर्चीवर बसून त्यांनी बोर्डाचा छापील फॉर्म पुढे ओढला.

उल्काला काही कळलं नव्हतं. आईची पाठ दिसत होती, पदर दिसत होता, सरांची खाली गेलेली मान दिसत होती. ती माझ्यापाशी आली. "मॅडम, आई काय म्हणाली?"

मी सरलाताईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडे बघत होत्या.

खोटं सांगायचं मनात आलं. पण काय सांगणार होते? दोन मिनिटांनी कळणारच होतं. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "आई म्हणाली, कान ठीक आहेत. म्हणाली, तू नकल केलीस."

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मला वाटलं, नीट वाचता आलं नसेल, पुन्हा सांगावं लागेल. पण तिनं वाचलं होतं. तिनं फोर्क टेबलावर ठेवला. आईजवळ गेली, तिच्या समोर जाऊन उभी राहिली. सरलाताईंनी तिचे दोन्ही हात धरले, ओठ नुसते थरथरत राहिले. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं. "लतिकाताईसाठी?" उल्कानं विचारलं. सरलाताईंनी होकाराची मान हलवली.

सर फॉर्म भरत होते. खाली बघूनच म्हणाले, "कँडिडेट का स्टेटमेंट चाहिए. बोलो बेटा, रीडिंग्ज़ कहाँ से आईं?"

आईनं तिला खांद्याला धरून सरांकडे वळवलं. उल्का समजली, आता आपली पाळी.

"नकल की, सर," ती पुटपुटली.

सरांचं पेन थांबलं. मान वर न करताच म्हणाले, "सुनाई नहीं दिया, बेटा. ज़रा ज़ोर से."

त्यांचे ओठ तिला दिसले नाहीत. पेन का थांबलं, ते तिला कळेना. तिनं आईकडे पाहिलं, आईनं पदरात तोंड लपवलं होतं. मग माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या, काय म्हणाले?

कुणीच सांगेना. शेवटी मीच सांगितलं. "ते म्हणतायत, ऐकू आलं नाही. मोठ्यानं सांग."

मग तिनं मोठ्यानं सांगितलं.